मदत हवी आहे: स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाची ‘ओळख’ निरोगी माणसापेक्षा जास्त कशी?

अवंती_एम
मानसशास्त्राच्या एम.ए.ला आहे. स्मृतीच्या पेपरसाठी एक गृहपाठ मिळालाय आणि त्यातल्या आकड्यांनी डोकं फिरलंय. आकडे सरावासाठी बनवलेले आहेत, खऱ्या रुग्णाचे नाहीत.

आधी १०० शब्द दाखवले. नंतर ते १०० आणि नवे १०० सरमिसळ करून विचारलं, हा मघाचा का? ‘हो’ म्हटलं तर पुढे निवडायचं: ‘आठवतं’ (शब्द पाहताना काय मनात आलं होतं, असं जरा जरी काही परत आलं तरी) किंवा ‘नुसतं ओळखीचं वाटतं’.

रुग्ण: जुन्या शब्दांवर आठवतं १०, ओळखीचं ४५. नव्या शब्दांवर (चुकून) आठवतं ०, ओळखीचं २०.
निरोगी गट, सरासरी: जुन्यांवर ५० आणि ३०. नव्यांवर ० आणि १०.

रुग्णाचा हिप्पोकॅम्पस दोन्ही बाजूंनी आकसलेला. ‘आठवतं’ ५० वरून १० वर आलं ते समजलं. पण ‘ओळखीचं’ ३० वरून ४५ झालं! आजारामुळे ओळखीची जाणीव वाढते का? मी तसंच लिहून मोकळी होणार होते, पण पटत नाहीये.

निशाचर
सोपं आहे. आठवणं हिप्पोकॅम्पसचं काम, ओळखीचं वाटणं शेजारच्या पेरिरायनल कॉर्टेक्सचं. पहिलं बिघडलं, म्हणून दुसरं भरपाई करतंय. आंधळ्या माणसाचे कान तिखट होतात तसं. लिहून टाक.

सुलभा_क
माझ्या सासूबाईंचं अगदी हेच! चेहरा बरोबर ओळखतात, नाव काही केल्या सांगता येत नाही. हा हिप्पोकॅम्पसचा दोष समजायचा का? डॉक्टरांना दाखवावं का?

दूरस्थ
अवंती, पटत नाहीये ते बरोबरच आहे. निशाचर, मेंदूचे भाग सांगितलेस ते एका बाजूच्या मताप्रमाणे ठीक, पण भरपाई या आकड्यांत कुठेच नाही. हा मोजणीचा खेळ आहे.

सूचना काय होती ते बघ. जरा जरी आठवलं तरी ‘आठवतं’ म्हणायचं. म्हणजे जो शब्द आठवतोही आणि ओळखीचाही वाटतो, तो ‘आठवतं’च्या खात्यात जातो. निरोगी माणसाचे ५० शब्द तिकडे गेले. त्यातले किती ओळखीचेही होते, हे आपल्याला दिसतच नाही. ‘ओळखीचं’ म्हणायला त्याच्याकडे उरले ५०, आणि त्यातले ३० त्याने पकडले. रुग्णाकडे उरले ९०, पकडले ४५. म्हणून F = K / (1 − R) असं मांडतात: R म्हणजे ‘आठवतं’चं प्रमाण, K ‘ओळखीचं’चं, आणि F ओळखीचा अंदाज. रुग्ण ०.४५ / ०.९ = ०.५०, निरोगी ०.३० / ०.५ = ०.६०. चित्र उलटलं.

अजून संपलं नाही. रुग्ण नव्या शब्दांनाही २० वेळा ‘ओळखीचं’ म्हणतोय, निरोगी माणूस १० वेळा. म्हणजे त्याचा हात सैल आहे. हे वजा करायला d′, म्हणजे जुने-नवे वेगळे ओळखण्याच्या क्षमतेचं माप, काढ: z(०.५०) − z(०.२०) = ०.८४, आणि z(०.६०) − z(०.१०) = १.५३. ओळखही कमीच झालेली निघते, वाढणं दूरच.

सुलभाताई, नाव न सुचणं ही वेगळी गोष्ट आहे. इथे प्रश्न ‘हा माणूस कुठे, कधी भेटला’ हे परत येतं का, असा आहे. १९८०मध्ये जॉर्ज मॅन्डलर यांनी दिलेलं उदाहरण बघा: बसमध्ये एक चेहरा ओळखीचा वाटतो, पण हा कोण ते सुचत नाही, आणि मग लक्षात येतं की हा तर खाटीक, रोज दुकानात पाहतो तो. सासूबाईंचं निदान धाग्यावर होणार नाही, डॉक्टरांना मात्र जरूर दाखवा.

अवंती_एम
बाप रे, तीन ओळींत निष्कर्ष उलटा. पण 1 − R ने भागायला परवानगी कोणी दिली?

दूरस्थ
गृहीतकाने दिली, आणि ती फुकट मिळत नाही. आठवणं आणि ओळख एकमेकांपासून स्वतंत्र चालतात असं मानलं, तरच हे भागाकाराचं गणित. एकाच शब्दाला दोन्ही कधीच होत नाही असं मानलंस तर तुझे कच्चे ४५ आणि ३० हेच उत्तर. आठवलेला प्रत्येक शब्द ओळखीचा असतोच असं मानलंस तर ५५ आणि ८०. आकडे तेच, उत्तरं तीन. स्वतंत्र मानण्याची पद्धत जास्त रूढ आहे, म्हणून ती सिद्ध झाली असं नाही.

निशाचर
बरं, भरपाई मागे घेतो. पण मेंदूत दोन जागा आहेत हे तर स्कॅनमध्ये दिसलंय. २०००मध्ये एल्ड्रिज आणि सहकाऱ्यांना ‘आठवतं’ म्हटलेल्या शब्दांवरच हिप्पोकॅम्पस चढलेला दिसला, ‘ओळखीचं’वर नाही. वाद कसला?

मेंदूवाला
वाद असा की ‘आठवतं’ म्हणणारा बहुधा अगदी खात्रीने म्हणतो आणि ‘ओळखीचं’ म्हणणारा जरा चाचपडत. मग स्कॅन दोन प्रक्रिया वेगळ्या काढतोय की पक्की आणि कच्ची आठवण? २०११मध्ये स्मिथ, विक्स्टेड आणि स्क्वायर यांनी खात्री जास्त असलेली उत्तरंच घेतली, तेव्हा ओळखीच्या उत्तरांतही हिप्पोकॅम्पसचा सहभाग दिसला. त्याआधी २००३मध्ये मॅन्स आणि सहकाऱ्यांना हिप्पोकॅम्पसपुरती इजा झालेल्या रुग्णांत दोन्ही गोष्टी घसरलेल्या आढळल्या होत्या. मी त्या गोटातला आहे, लपवत नाही.

दूरस्थ
तुमचा मुद्दा मान्य, पण मग एन.बी. या रुग्ण बाईचं काय कराल? अपस्माराच्या शस्त्रक्रियेत तिच्या डाव्या टेम्पोरल लोबचा पुढचा भाग काढला. त्यात पेरिरायनलचा मोठा हिस्सा गेला, हिप्पोकॅम्पस राहिला. बोल्स आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये तपासलं, तर आठवणं टिकलेलं आणि ओळख घसरलेली. नुसती आठवण कच्ची झाली असती तर आठवणं आधी पडायला हवं होतं. हे उलट्या दिशेचं उदाहरण आहे, म्हणून मला ते जड वाटतं.

मेंदूवाला
जड आहे, मान्य. पण एकच माणूस आहे, आणि तोही वर्षानुवर्षं अपस्मार असलेला. असा मेंदू आधीच वेगळ्या वळणाने मांडला गेलेला असू शकतो.

अवंती, ‘आठवतं’ म्हणणाऱ्याला नेहमी विचार की नेमकं काय आठवतंय. ‘बस, पक्कं माहीत आहे’ एवढंच उत्तर आलं, तर तो शब्द त्या खात्यात नको. माझ्या मते निम्म्या भानगडी तिथूनच येतात.

अवंती_एम
गृहपाठाच्या दुसऱ्या पानावर त्याच चाचणीतले खात्रीचे गुण सापडले, एक ते सहा. त्याचं काय करू?

दूरस्थ
सर्वांत खात्रीच्या उत्तरांपासून सुरुवात कर आणि एकेक पायरी सैल करत जा. दर पायरीला जुन्यांवरचे बरोबर ‘हो’ उभ्या अक्षावर आणि नव्यांवरचे चुकीचे ‘हो’ आडव्यावर मांड. निरोगी गटाची रेषा डावीकडे वर उचललेली, लंगडी दिसायला हवी, कारण आठवलेले शब्द चूक न करता एकदम खात्रीत येतात. रुग्णाची रेषा दोन्ही बाजूंनी सारखी फुगलेली आली, तर आठवणं गेलं आणि ओळखीवर काम चाललंय असं योनेलिनास यांच्या पद्धतीने म्हणता येईल.

मेंदूवाला
किंवा रुग्णाची एकूण आठवणच क्षीण आहे असंही म्हणता येईल. क्षीण आठवणीची रेषाही तशीच सारखी होत जाते. तेव्हा निरोगी लोकांना शब्द कमी वेळ दाखवून त्यांचा एकूण गुण रुग्णाइतका खाली आणलेला गट आहे का, ते बघ. त्यांची रेषा लंगडी राहिली आणि रुग्णाची नाही, तरच बोलता येईल.

अवंती_एम
तसा गट नाहीये. आणि इजेबद्दल ‘दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आकसलेला, एमआरआयवर’ एवढीच ओळ आहे.

दूरस्थ
म्हणजे पेरिरायनल शाबूत आहे असं कुठेच लिहिलेलं नाही. मग ओळखीचा d′ ०.८४ वर का आला, याला दोन दारं उघडी राहतात: हिप्पोकॅम्पसच ओळखीतही लागतो, किंवा इजा शेजारीही पसरलीय. रेषा काढल्यावर इथे टाक.