मृत्युपत्रात 'मुलांना' म्हणजे कोणाला?

विनया, नौपाडा: वडिलांचं मृत्युपत्र त्यांच्याच हातचं आहे, साक्षीदारांच्या सह्याही आहेत. त्यात लिहिलंय, 'माझे राहते घर माझ्या मुलांना समान वाटून मिळावे.' आम्ही तिघं, दोन भाऊ आणि मी. दादा म्हणतो, मुलांना म्हणजे मुलग्यांना. काय धरायचं?

रमाकांत: मुलीला बरोबरीचा हक्क 2005 पासून आहेच. शब्दाचा कीस कशाला काढायचा?

अॅड. सुलभा: रमाकांतजी, ती दुरुस्ती वडिलोपार्जित सामायिक मिळकतीची. स्वतः घेतलेलं घर माणूस कोणालाही देऊ शकतो, मुलीला वगळूनसुद्धा. म्हणून इथे शब्दावरच सगळं आहे. 'मुलांचे वसतिगृह' म्हटलं की मुलगेच, पण 'मुलांना सुट्टी लागली' यात मुलीही आल्या. तेव्हा एका वाक्यावर थांबायचं नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 82 प्रमाणे अर्थ अख्ख्या मृत्युपत्रातून काढतात. विनयाताई, तुमचा उल्लेख आणखी कुठे आहे?

विनया: दोन ठिकाणी. 'मुलीच्या लग्नात दागिने दिले आहेत.' आणि शेवटी, 'तिन्ही मुलांनी आईला अंतर देऊ नये.'

अॅड. सुलभा: मग 'तिन्ही' तुमच्या बाजूने जोरदार आहे. वडील 'मुले' या शब्दात तुम्हाला धरत होते, हे त्यांच्याच अक्षरात आहे. दादांचा वकील दागिन्यांवर बोट ठेवेल. पण 'म्हणून घरात हिस्सा नाही' असं वडिलांनी लिहिलेलं नाही. तरी निकाल असाच लागेल, हे मी छातीठोक सांगणार नाही.

कोकण्या, वाशी: आमच्याकडे 'घरा'वरून वाद आहे. सासऱ्यांनी नुसतं 'माझे घर धाकट्याला' लिहिलंय. वाशीला ब्लॉक, चिपळूणजवळ गावचं घर. ब्लॉकला नॉमिनी थोरला, म्हणजे तो त्याचाच ना?

अॅड. सुलभा: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी त्याला तात्पुरता सभासद करून घेते, पण हक्क वारसाचाच. शब्द सरळ, पण लागू होतो दोन घरांना, अशा वेळी कलम 80 खाली बाहेरचा पुरावा चालतो. सासरे पत्रांत कशाला 'घर' म्हणायचे?

कोकण्या: ब्लॉकला 'वाशीची जागा'. 'घरी जातो' म्हणजे गावाला.

अॅड. सुलभा: मग ती पत्रं जपून ठेवा. पण गावचं घर वाडवडिलांचं असेल, तर सासरे फक्त आपला हिस्सा देऊ शकत होते. त्यावरून थोरला म्हणेल, पुरतं स्वतःचं होतं ते वाशीचंच, 'माझे' म्हणजे तेच. त्यात दम आहे.

विनया: प्रोबेट घेतलं की आमचा अर्थ ठरेल का?

अॅड. सुलभा: नाही. तिथे मृत्युपत्र खरं आहे का, एवढंच बघतात. हिश्श्यासाठी दिवाणी दावा वेगळा लावावा लागेल. आधी दादांना शेवटचा परिच्छेद वाचून दाखवा.

विनया: वाचला. म्हणतो, 'तिन्ही' नंतर घुसडलंय, शाई वेगळी आहे.