मदत हवी आहे: पगारातून दरमहा पीएफ कापतात, पासबुकात एप्रिलनंतर काहीच नाही (कोल्हापूर)

शिरोलीचा_ऑपरेटर (६ ऑक्टोबर २०२४)

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या मशीन शॉपमध्ये मी सहा वर्षं सीएनसीवर आहे. बेसिक आणि डीए मिळून १४,२०० रुपये, त्यावर १,७०४ रुपये पीएफ दरमहा कापतात. पगारपत्रकावर आकडा असतो आणि बँकेत पगारही तेवढा कमी येतो.

घराचे पत्रे बदलायचेत म्हणून थोडा ॲडव्हान्स काढावा म्हटलं आणि पासबुक उघडलं. शेवटची नोंद `Cont. For Due-Month 042024`. त्यापुढं कोरं. म्हणजे मे ते ऑगस्ट असे चार महिने गायब. ऑफिसात विचारलं तर "चलन भरलंय, वर दिसायला वेळ लागतो" एवढंच सांगतात, आणि हे महिनाभर चाललंय. आता कंपनीला लेखी विचारायचं आहे. काय लिहू? बोनस तोंडावर आहे, उगाच वाकडं व्हायला नको, पण घामाचे पैसे आहेत हो.

राजारामपुरीकर

अर्जबिर्ज काही नको भावा. पगारातून कापून भरले नाहीत म्हणजे विश्वासघाताचा गुन्हा होतो. सरळ पोलीस ठाण्यात जा.

जुनी_हिशोबनीस

राजारामपुरीकर, गुन्हा होतो हे खरं. पण कापलेले पैसे भरलेच नाहीत हे अजून कुठं ठरलंय? मी अठरा वर्षं कारखान्यांचे पगार आणि पीएफची चलनं केली आहेत. पासबुक कोरं असण्याचं कारण दर वेळी एकच नसतं, आणि कारण चुकलं की अर्जही चुकतो.

दादा, आधी महिने नीट मोजा. `Due-Month` म्हणजे भरायचा महिना. मार्चच्या पगाराचा पीएफ १५ एप्रिलपर्यंत भरायचा असतो, म्हणून ती नोंद `042024` अशी येते. तुमची शेवटची नोंद मार्चच्या पगाराची आहे. एप्रिल ते ऑगस्ट असे पाच महिने राहिलेत. सप्टेंबरचा अर्जात धरू नका, त्याची मुदत १५ ऑक्टोबरला संपते.

आता दोन गोष्टी बघा. पहिली, ईपीएफओच्या साइटवर `Establishment Search` मध्ये कंपनीचं नाव किंवा कोड टाका आणि `View Payment Details` उघडा. तिथं कोणत्या महिन्याचे पैसे कधी जमा झाले आणि किती कामगारांचे, हे दिसतं. कामगारांच्या आकड्यावर टिचकी मारली की नावांची यादी येते. दुसरी, मेंबर पोर्टलवर `Service History` बघा. एकाच यूएएनखाली नवा मेंबर आयडी निघाला असेल, तर पैसे तिकडं पडतात आणि तुम्ही जुन्याचंच पासबुक बघत बसता.

पन्हाळा_पायथा

माझ्याही पासबुकात २०२३-२४ चं ८.२५ टक्क्यांचं व्याज दिसत नाही. सगळ्यांचंच असं आहे, थांबा थोडं, येईल.

जुनी_हिशोबनीस

दादा, व्याजाची नोंद उशिरा पडते, ते वेगळं. इथं महिन्याची वर्गणीच पडलेली नाही. थांबून ती येणार नाही.

शिरोलीचा_ऑपरेटर (८ ऑक्टोबर)

ताई, बघितलं. कंपनीचे पैसे दर महिन्याला भरलेत! मार्चला ८८ कामगार होते, एप्रिलपासून ६१. यादीत माझं नाव नाही, आमच्या शॉपमधल्या कुणाचंच नाही. `Service History` मध्ये नवा आयडी नाही.

मग पगारपत्रकं काढून शेजारी ठेवली. एप्रिलपासून वर कंपनीचं नाव नाही, एका लेबर काँट्रॅक्टरचं आहे. आम्ही कधी वरची ओळ वाचलीच नव्हती. मशीन तेच, सुपरवायझर तोच, पंचिंग तेच. ऑफिसवाल्यांनी भरलं म्हटलं ते त्यांच्या लोकांचं भरलंय.

जुनी_हिशोबनीस

मला हीच शंका होती. आकडा सत्तावीसनं घटला म्हणजे तुमचं शॉप कागदावर काँट्रॅक्टरकडं गेलं. त्यानं तुमच्याकडून कापलं, पण तुमच्या यूएएनवर काही भरल्याची खूण नाही.

म्हणून अर्ज दोघांना करा, काँट्रॅक्टरला आणि कंपनीला. काँट्रॅक्टरच्या माणसांचा पीएफ भरला जातोय ना, हे बघायची जबाबदारी मूळ मालकाची असते. त्यानं भरला नाही तर कंपनीनं भरून त्याच्या बिलातून वळता करून घ्यायचा असतो. असं लिहा:

"माझ्या पगारातून एप्रिल ते ऑगस्ट २०२४ या पाच महिन्यांत दरमहा रु. १,७०४ प्रमाणे रु. ८,५२० भविष्य निर्वाह निधीपोटी कापण्यात आले. ही रक्कम व मालकाचा तितकाच हिस्सा माझ्या यूएएनवर जमा दिसत नाही. कृपया प्रत्येक महिन्याच्या चलनाचा टीआरआरएन क्रमांक, भरल्याची तारीख आणि ज्या मेंबर आयडीवर जमा केले तो आयडी सात दिवसांत लेखी कळवावा. रक्कम भरली नसल्यास ती तातडीने भरावी. सोबत पगारपत्रके व बँक खात्याच्या नोंदी जोडल्या आहेत."

टीआरआरएन मागायचाच. चलन खरंच भरलं असेल तर तो क्रमांक द्यायला दोन मिनिटं लागतात, आणि ईपीएफओच्या साइटवर तो टाकून तुम्हीही खात्री करू शकता. नुसतं "भरलंय" हे उत्तर घेऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. देत नसतील तर पोस्टानं रजिस्टर करून पाठवा. आणि एकट्यानं नको, सत्तावीस जणांतले जमतील तेवढे सही करा, एकावर रोख राहत नाही.

एक सांगून ठेवते. दोन्ही हिस्से धरून १७,०४० व्हायला हवेत, पण ते सगळे पीएफच्या रकान्यात दिसणार नाहीत. मालकाच्या १,७०४ मधले १,१८३ पेन्शनला जातात, उरलेले ५२१ पीएफला. नंतर कमी पडले म्हणून घाबरू नका.

कागल_पाळी_२

आमच्याकडं काँट्रॅक्टर कामगाराचा आणि मालकाचा, दोन्ही हिस्से आमच्याच पगारातून कापतो. १३,००० वर ३,१२० जातात. हे चालतं का?

जुनी_हिशोबनीस

अजिबात नाही. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापायला कायद्यानं बंदी आहे. तुम्ही वेगळा धागा काढा, पगारपत्रकात काय लिहिलंय ते बघायला लागेल.

उद्यमनगर_सुपरवायझर

ताईंचं पटतं, पण काँट्रॅक्टरला स्वतःचा पीएफ कोड असेल तर कंपनी हात वर करते, हे मी बघितलंय. भविष्य निधी कार्यालयही आधी त्याच्याच मागं लागतं. त्याचा कोड आहे का ते त्याच `Establishment Search` मध्ये आधी बघून ठेवा.

शिरोलीचा_ऑपरेटर (१७ ऑक्टोबर)

बघितलं, कोड आहे. यादीत आमची नावं नाहीत.

दसऱ्याआधी नऊ जणांच्या सह्यांनिशी अर्ज दिला. कंपनीनं शिक्का मारून दिला. काँट्रॅक्टरच्या माणसानं घेतला नाही, त्याला रजिस्टर पोस्टानं पाठवला. काल त्याचा फोन आला, "दिवाळीनंतर एकदम भरतो, तक्रार करू नका." टीआरआरएन एकही दिला नाही. बाकीचे अठरा जण बोनस पडेपर्यंत सही करायला तयार नाहीत, आणि त्यांना मी दोष देत नाही.

जुनी_हिशोबनीस

म्हणजे भरलेलं नाही हे त्यानं स्वतःच कबूल केलं. ते त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. सात दिवस झाले की `epfigms.gov.in` वर तक्रार टाका, अर्जाची शिक्क्याची प्रत आणि पगारपत्रकं जोडून. दर महिन्याच्या २७ तारखेला भविष्य निधी कार्यालयाचं 'निधी आपके निकट' शिबिर असतं, तिथं कागद घेऊन समोर उभे राहा. चौकशी लागली की थकबाकीवर मालकाला वार्षिक १२ टक्के व्याज आणि वर दंड बसतो, दिवाळीपर्यंत थांबवण्यात त्याचाच तोटा आहे, हे त्याला सांगा.

शिरोलीचा_ऑपरेटर

२७ ला रविवार येतोय ताई. शिबिर सोमवारी असेल का, हे उद्या कार्यालयात फोन करून विचारतो. कळलं की इथं लिहितो.