मदत हवी आहे: रुजू होण्याची तारीख पुढे न्यायची आहे, ईमेलात शब्द कसे ठेवू?

उद्यमबागकर: बेळगावात उद्यमबागेत मशीन शॉपला क्वालिटीत आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं ऑफर लेटर 2 जूनला आलं. 1 जुलैला रुजू व्हा म्हणतात, माझी नोटीस 60 दिवसांची. शिवाय मुलाखतीत 35 हजारांचं बोलणं झालं होतं, पत्रात 32 आहेत. पत्रव्यवहार मराठीतच चालतो. मी लिहिलंय: “माफ करा, शक्य असल्यास तारीख थोडी पुढे मिळाली तर उपकार होतील.” कसं वाटतं?

निपाणीची_ताई: मी भरतीचंच काम करते. “माफ करा” आणि “उपकार” काढा. नोटीस पाळणं हा काही अपराध नाही. आणि “थोडी पुढे” म्हणजे कधी? तारीख नसली की समोरचा फोन करतो, आणि फोनवर माणूस भिडेपोटी हो म्हणून बसतो. असं लिहा:

“ऑफरबद्दल आभार. आपल्याकडे काम करायची माझी इच्छा आहे. सध्याच्या नेमणूक पत्रानुसार माझी नोटीस 60 दिवसांची आहे. 5 जूनला राजीनामा दिल्यास ती 4 ऑगस्टला संपते. म्हणून मी 5 ऑगस्टला रुजू होऊ शकेन. कृपया ही तारीख घालून सुधारित पत्र पाठवावे.”

कारण एकच द्या. त्याला घरची अडचण जोडली की नोटीसचं कारणही बहाणा वाटायला लागतं.

चिकोडी_७७: आधी तारखेचं मिटवा, पगाराचं रुजू झाल्यावर बघता येतं.

निपाणीची_ताई: दादा, दोन विषयांची सरमिसळ नको हे बरोबर. पण सुधारित पत्रावर सही झाली की पगाराचा विषय मिटलाच. एकाच ईमेलात, वेगळ्या परिच्छेदात लिहा: “मुलाखतीत दरमहा 35 हजारांवर बोलणे झाले होते, पत्रात 32 हजार आहेत. हा फरक कसा आला ते कळवावे आणि 35 हजारांचा विचार व्हावा.” कदाचित तिकडे 35 म्हणजे पीएफ धरून असेल. म्हणून आधी विचारायचं, “तुम्ही शब्द फिरवला” असा सूर नको.

खानापूरचा: माझा भाऊ नोटीसचे पैसे भरून महिनाभरात सुटला. तुम्ही पण भरून टाका की, ईमेल कशाला?

निपाणीची_ताई: नेमणूक पत्रात तशी सोय असली तर. नाहीतर बहुतेक ठिकाणी ते मालकाच्या मर्जीवर असतं.

उद्यमबागकर: ताई, खूप मदत झाली. एक शंका. पत्र यायलाच 12 जून उजाडला तर? तोवर मी राजीनामा देणार नाही, मग नोटीस 11 ऑगस्टपर्यंत जाते.

निपाणीची_ताई: बरोबर पकडलंत. “5 जूनपर्यंत सुधारित पत्र मिळाल्यास” हे शब्द घाला, आणि पुढे “उशीर झाल्यास तारीख तितकीच पुढे जाईल.” हे धमकी वाटत नाही, हिशेब वाटतो.

उद्यमबागकर: घालतो. नोटीस कमी होते का हे सध्याच्या मालकांना राजीनाम्याआधी विचारावं का? इथे सगळे एकमेकांच्या ओळखीचे, बातमी लगेच फिरते. कुणी विचारलंय का असं?