‘लाक्षणिक समीकरण’ म्हणावे की ‘सहायक समीकरण’?

मासुंदाकाठ:
नौपाड्यात मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांची शिकवणी घेते. त्यांतली काही मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असल्यामुळे अवकल समीकरणांची टिपणे मी मराठीत लिहीत आहे. `y'' + 5y' + 6y = 0` यासारखे समीकरण सोडवताना `y = e^(rt)` ठेवले की `r^2 + 5r + 6 = 0` हे वर्गसमीकरण हाती येते. इंग्रजी पुस्तकांत त्याला ‘कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन’ म्हणतात, तर काही ठिकाणी ‘ऑक्झिलरी इक्वेशन’ असेही म्हटलेले आढळते. मी फळ्यावर ‘लाक्षणिक समीकरण’ असे लिहिले, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, “मॅडम, लाक्षणिक उपोषणासारखे का? म्हणजे नावापुरतेच?” त्यावर मला चटकन उत्तर देता आले नाही. आपण कोणता शब्द वापराल?

पारसिक_डोंगर:
मुलीची शंका रास्त आहे. व्याकरणात लाक्षणिक अर्थ म्हणजे वाच्यार्थ बाजूला ठेवून घेतलेला अर्थ आणि वर्तमानपत्रात लाक्षणिक म्हणजे प्रतीकात्मक. मात्र मला हा शब्द इथे चपखल वाटतो, कारण `y''` च्या जागी `r^2` आणि `y'` च्या जागी `r` लिहिणे हे एक प्रकारचे प्रतीकच आहे. कोणतेही रेषीय अवकल समीकरण असे प्रतीकरूपाने लिहावे, मुळे काढावीत आणि मोकळे व्हावे.

ऐरोली_निवृत्त:
पारसिकराव, आपले निम्मे म्हणणे मान्य करतो, पण ‘कोणतेही’ हा शब्द मागे घ्यावा लागेल. अवकलजाच्या जागी `r` लिहिणे हा संकेत नाही, ते गणिताने घडते. `e^(rt)` चे अवकलन केले की तेच फलन `r` ने गुणून परत मिळते आणि दुसऱ्यांदा केले की `r^2` ने गुणलेले मिळते. त्यामुळे डावी बाजू `(r^2 + 5r + 6)e^(rt)` होते आणि `e^(rt)` कधीच शून्य होत नसल्यामुळे कंस शून्य असणे भाग पडते. इथे `r = -2` आणि `r = -3` येतात. समीकरण रेषीय आहे आणि उजवीकडे शून्य आहे, म्हणून दोन्ही उकलींना हव्या त्या स्थिरांकांनी गुणून त्यांची बेरीज केली तरी तीही उकलच राहते.

आता `t^2 y'' - 2y = 0` घ्या. हेही रेषीयच आहे, पण `e^(rt)` ठेवल्यावर `t^2 r^2 = 2` असे उरते आणि कोणताही स्थिर `r` हे प्रत्येक क्षणी खरे करू शकत नाही. तिथे `y = t^r` अजमावले तर `r(r - 1) = 2` मिळते, म्हणजे `r = 2` किंवा `r = -1`. तेव्हा मराठी नावात ‘स्थिर सहगुणकांचे’ हे शब्द गाळू नयेत, कारण सगळी युक्ती त्यांच्यावरच उभी आहे. ही युक्ती ऑयलरने १७४३ मध्ये प्रसिद्ध केली.

पारसिक_डोंगर:
‘कोणतेही’ मागे घेतले. प्रतीकाबद्दलचा आग्रह मात्र अजून सोडलेला नाही.

वाशी_सेक्टर१७:
उपोषणावरून आठवले, आमच्या सोसायटीत पाण्यासाठी झालेले उपोषण तासाभरात आटोपले होते, त्याला लाक्षणिकच म्हणायला हवे. असो. मी ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचे काम पाहतो आणि आम्ही सगळे ‘कॅरॅक्टरिस्टिक’च म्हणतो. कॉइल, रेझिस्टर आणि कपॅसिटर एकसरीत जोडले की कपॅसिटरवरच्या भाराचे समीकरण `Lq'' + Rq' + q/C = 0` असे होते. कॉइल १० मिलीहेन्री आणि कपॅसिटर १ मायक्रोफॅरड असेल, तर `R` २०० ओहम असताना विवेचक शून्य होतो. त्याहून कमी रेझिस्टन्स ठेवला की मुळे संमिश्र होतात आणि ऑसिलोस्कोपवर रेघ वरखाली हेलकावत विझताना दिसते. जास्त ठेवला की हेलकावा येत नाही, रेघ संथपणे खाली बसते. (कॉइलचा स्वतःचा रेझिस्टन्सही `R` मध्ये धरावा, नाहीतर गणित आणि पडदा जुळत नाहीत.) सर्किट कसे वागेल हे मुळे पाहूनच कळते, म्हणून मला ‘स्वभाव समीकरण’ म्हणावेसे वाटते.

मासुंदाकाठ:
‘स्वभाव’ गोड आहे, पण परीक्षेत कोणी लिहिले तर तपासणारे गोंधळतील. माझी दुसरी अडचण ‘मानू’ या शब्दाची आहे. टिपणात मी “`y = e^(rt)` ही उकल मानू” असे लिहिले आहे. मुले विचारतात की उत्तर आधीच मानून घेतले तर सिद्ध काय केले? आणि मुळे समान आली की पद्धत अपुरी पडते, तेव्हा ही शंका अधिकच बोचते.

ऐरोली_निवृत्त:
ताई, ‘मानू’ काढून ‘अजमावून पाहू’ लिहा. मानलेले शेवटपर्यंत खरे धरले जाते, अजमावलेले तपासले जाते. `e^(rt)` समीकरणात ठेवून ते जुळते हे पाहिले की ती उकल आहे हे तिथेच सिद्ध होते. याच रूपाच्या उकली पुरेशा आहेत का, हा वेगळा प्रश्न आहे आणि समान मुळांच्या वेळी त्याचे उत्तर ‘नाही’ असे येते.

`y'' + 4y' + 4y = 0` घ्या आणि सुरुवातीला `y = 1` व `y' = 0` असू द्या, म्हणजे वस्तू एक एकक ओढून धरली आणि धक्का न देता सोडली. वर्गसमीकरण `(r + 2)^2 = 0` येते, मूळ एकच, `-2`. आता `y = Ce^(-2t)` घेतले तर पहिल्या अटीने `C = 1` ठरतो, पण मग सुरुवातीचा वेग आपोआप `-2` होतो आणि दुसरी अट मोडते. अटी दोन आणि मोकळा स्थिरांक एकच, ही खूण मुलांना दाखवा.

दुसरी उकल आभाळातून पडत नाही. मुळे `-2` आणि `-2 + h` अशी किंचित वेगळी आहेत असे समजा. दोन्ही उकलींची वजाबाकी करून `h` ने भागले तरी ती त्या जवळच्या समीकरणाची उकलच राहते. `h` शून्याकडे नेला की त्या भागाकाराचे `te^(-2t)` होते आणि ते मूळ समीकरणात ठेवल्यास जुळते. मग `y = (1 + 2t)e^(-2t)` हे उत्तर मिळते. त्याचा अवकलज `-4te^(-2t)` आहे, म्हणजे सुरुवातीला वेग शून्य आणि नंतर कायम ऋण. वस्तू मध्यबिंदू न ओलांडता त्याच्याकडे सरकत राहते.

शब्दाविषयी मी ‘सहायक’च्या बाजूने आहे. हे समीकरण मदतीला येते आणि काम झाल्यावर बाजूला होते.

वाशी_सेक्टर१७:
काका, बाजूला कसे होते? समान मूळ आहे, हेलकावा नाही, विझण्याचा वेग किती, हे सगळे त्यातूनच तर वाचले.

पारसिक_डोंगर:
आणि वस्तू धक्का देऊन सोडली की न देता, हे मात्र त्यातून वाचता येत नाही, ते अटींतून येते. तेव्हा ‘स्वभाव’ म्हणा, ‘वर्तन’ म्हणू नका. मी ‘लाक्षणिक’ सोडून ‘लक्षण-समीकरण’ वर यायला तयार आहे. लक्षण म्हटले की उपोषण आठवत नाही.

मासुंदाकाठ:
लक्षण म्हटले की ताप आठवतो, पण तो चालेल. ‘मानू’ आजच खोडते. शीर्षकाच्या जागी तूर्त पेन्सिलने ‘सहायक’ लिहून ठेवते आणि उद्या त्याच मुलीला दोन्ही शब्द विचारते.