शब्दचर्चा : खरेदीखतातील ‘वहिवाट’ आणि मोजणी नकाशातील ‘वहिवाट’

जिज्ञासू : गावठाणातील एका घरजागेची कागदपत्रे वाचत आहे. खरेदीखतात ‘जाण्यायेण्याच्या वहिवाटीच्या हक्कासह’ असे शब्द आहेत आणि मोजणी नकाशाच्या ‘क’ प्रतीवर एका तुटक रेषेशेजारी ‘वहिवाटीची हद्द’ असे लिहिले आहे. दोन्ही ठिकाणी वहिवाट म्हणजे रस्ताच समजायचा का? शिवाय खतात क्षेत्र १५०० चौरस फूट आहे, तर मिळकत पत्रिकेवर १२७.४ चौरस मीटर.

पक्षकार : आमच्या शेताच्या सातबाऱ्यावर पिकांच्या नोंदी आहेत, पण वहिवाट हा शब्द कोठेच नाही. तलाठ्यांकडे अर्ज करून तो लावून घ्यावा लागेल का?

निवृत्त भूमापक : सातबारा शेतजमिनीचा, आणि येथे विषय नगर भूमापन झालेल्या गावठाणाचा आहे, त्यामुळे आपला प्रश्न वेगळा आहे. मूळ प्रश्नातील दोन्ही वहिवाटी मात्र एक नाहीत. खतातील वहिवाट हा वापराचा हक्क आहे. नकाशातील वहिवाट म्हणजे मोजणीच्या दिवशी प्रत्यक्ष कोण कोठपर्यंत जागा वापरत होते, ती स्थिती. सलग रेषा अभिलेखाप्रमाणे हद्द दाखवते आणि तुटक रेषा जागेवर आढळलेला ताबा. दोन्ही एकमेकींवर बसत नसतील, तर मधली पट्टी कोणाच्या वापरात आहे, हे नकाशावर लगेच दिसते. खतातील चतुःसीमा ‘पूर्वेस अमुक यांची मिळकत’ एवढेच सांगते, आणि पुष्कळदा ती आधीच्या खतावरून जशीच्या तशी उतरवलेली असते. शेजारी बदलला किंवा भिंत सरकली, तरी त्या ओळीत फरक पडत नाही.

वाचक, पुणे : मग वाद कशाचा? मिळकत पत्रिकेवर ज्याचे नाव, तो मालक. खत बाजूला ठेवावे.

निवृत्त भूमापक : हे अर्धेच खरे आहे. पत्रिकेवरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, परंतु ती स्वतः मालकी निर्माण करत नाही. मालकी नोंदणीकृत खताने किंवा वारशाने येते. पत्रिकेचा खरा उपयोग खताबाहेरच्या गोष्टींसाठी होतो. ‘धारणाधिकार’ या रकान्यावरून जागा शासनाकडून काही अटींवर मिळालेली आहे का, हे कळते. तशी असेल तर विक्रीसाठी परवानगी लागू शकते, आणि विकणाऱ्याने खतात ‘निर्वेध’ असे लिहून दिले तरी ती अट सुटत नाही. खाली व्यवहारांच्या नोंदी तारखेने असतात, त्यांत बोजा दिसतो आणि क्षेत्र का घटले हेही दिसते.

जिज्ञासूंचेच उदाहरण घेऊ. १५०० चौरस फूट म्हणजे सुमारे १३९.४ चौरस मीटर, तेव्हा पत्रिका १२ चौरस मीटर कमी दाखवत आहे. त्या नोंदींत रस्ता रुंदीकरणाचा फेरफार आहे का, हे पाहावे.

जिज्ञासू : आहे. ‘रस्त्याकडे १२.० चौ.मी. वर्ग’ असे लिहिले आहे, तेही खताच्या तारखेच्या आधी. आणि नकाशावर उत्तरेकडच्या दोन रेषांमधील पट्टी ५.१ चौरस मीटरची दिली आहे.

निवृत्त भूमापक : मग विकणाऱ्याने जुने क्षेत्र तसेच लिहून दिले आहे. ती पट्टी शेजाऱ्याच्या भिंतीआड असेल, तर आपल्या हाती १२२.३ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १३१६ चौरस फूट राहतात. फूटपट्टीने नकाशा मोजून मात्र काही ठरवू नये, कारण १:५०० प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर जागेवर अर्धा मीटर होतो आणि रेषेची जाडीही मोजणीत शिरते. नकाशावर लिहिलेले क्षेत्र व जागेवरच्या खुणा धराव्यात. मोजणी मान्य नसेल, तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते.

वकील, सातारा : मोजणीने पट्टी दाखवली, तरी ती परत मिळवून देणे भूमापकाचे काम नाही, ते दिवाणी न्यायालयाचे. शेजारी बारा वर्षांहून अधिक काळ उघडपणे व मूळ मालकाच्या हक्काविरुद्ध ताबा सांगत असेल, तर परतीचा मार्ग बंदही होऊ शकतो. त्या १२ चौरस मीटरबाबत विकणाऱ्याकडे दाद मागता येईल का, हे खतात क्षेत्र हमी म्हणून आले आहे की चतुःसीमेच्या ओघात, यावर अवलंबून आहे.

जिज्ञासू : आणि जाण्यायेण्याचा हक्क? दुसऱ्याच्या जागेच्या वापराचे असे हक्क जेथे नोंदतात, तो पत्रिकेतील ‘सुविधाधिकार’ हा रकाना कोरा आहे.

निवृत्त भूमापक : माझ्या मते कोरा रकाना म्हणजे हक्क नाही, असे होत नाही. खतातील उल्लेख उभाच राहतो.

वकील, सातारा : येथे मी सावध राहीन. ज्याच्या जागेतून जायचे आहे, तो आपल्या खतात पक्षकार आहे का? नसेल, तर विकणाऱ्याला तो हक्क देण्याचा अधिकार कोठून आला, हे आधीच्या खतांत शोधावे लागेल. मोजणीत तेथे पायवाट आढळली का, तेही ‘क’ प्रतीवर पाहून सांगावे.