मदत हवी आहे : आमच्यानंतर मुलाच्या पैशाचं काय?

लातूरकर_गुरुजी: मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. भरती १९९६ ची, म्हणजे जुनी पेन्शन. मुलगा १७ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग, प्रमाणपत्र ७५ टक्क्यांचं. आंघोळ, जेवण स्वतः करतो, पण शंभराची नोट आणि पाचशेची नोट त्याला सारखीच. तीन एकर जमीन आणि आठ लाखांची एफडी आहे. भाऊ म्हणतो, सगळं पुतण्याच्या नावे कर, तो सांभाळेल. मुलगी लग्न होऊन नांदेडला असते. काय करावं?

शेतकरी_पोरगा: एवढा घोर कशाला? एफडीला मुलाचं नॉमिनेशन करा, विषय संपला.

अनुराधा_ताई: नॉमिनेशनने पैसे फक्त हातात पडतात, मालकी वारसाहक्काने ठरते. शिवाय तुमचा मुलगा अठराचा झाला की कायद्याने सज्ञान. मग तुम्ही त्याचे बाप असूनही त्याच्या वतीने सही करायला पालकत्वाचा आदेश लागतो. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली तो जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती देते, कलेक्टर कचेरीत चौकशी करा. पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. म्हणून पुतण्याच्या नावे बक्षीसपत्र नको. जमीन एकदा त्याची झाली की तिचा हिशेब मागणारं कुणीच उरत नाही.

आणि गुरुजी, तुमची सगळ्यात मोठी ठेव पेन्शन आहे. शेवटचं मूळ वेतन ६२,००० धरलं तर ३० टक्क्यांनी कुटुंब निवृत्तिवेतन १८,६००, वर महागाई भत्ता. आधी ते वहिनींना मिळेल. त्यांच्यानंतर, कमावू न शकणारं दिव्यांग अपत्य म्हणून मुलाला आयुष्यभर. पण त्याचं नाव दिव्यांग म्हणून निवृत्तीच्या कागदांत तुम्ही हयात असतानाच लिहून घ्या, सोबत जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र जोडा. पुढे मुलीला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात ते नेमकं याच नोंदीसाठी.

लातूरकर_गुरुजी: हे कुणी सांगितलंच नव्हतं. जमीन वडिलोपार्जित आहे हो.

अनुराधा_ताई: मग वकिलाला आधी तेच सांगा. वडिलोपार्जित जमिनीत मुलांचाही हिस्सा असतो, तुम्ही मृत्युपत्र करणार ते फक्त तुमच्या वाट्याचं. तो वाटा आणि एफडी मृत्युपत्रातूनच न्यासाच्या स्वाधीन करा, लाभार्थी मुलगा. विश्वस्त मुलगी आणि घराबाहेरचा एकजण, म्हणजे दोन सह्यांशिवाय पैसा हलणार नाही.

बीडची_माई: माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याचंही पालकत्व याच समितीकडून मिळेल का?

अनुराधा_ताई: नाही माई. तो कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगतेपुरता. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा.

शेतकरी_पोरगा: पण गुरुजी पालक आणि तेच गेले, मग?

अनुराधा_ताई: नव्याने अर्ज. तोवर बँकेचं खातं अडू शकतं, यावर पक्का तोडगा माझ्याकडे नाही. मुलीच्या स्वतःच्या खात्यात सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा, एवढंच सुचतं.

लातूरकर_गुरुजी: मुलीशी बोललो. ती तयार आहे, पण जावईबापूंनी अजून होकार दिलेला नाही.