मदत हवी आहे: फ्रिक्वेन्सी मीटरवर एक सेकंद बरोबर आकडा, पुढच्या सेकंदाला शून्य

मीरा_ईअँडटीसी

डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी चार आकडी फ्रिक्वेन्सी मीटर बनवतेय, मायक्रोकंट्रोलर न वापरता. ४०६० ला ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल लावला आहे. त्याच्या क्यू१४ वर २ हर्ट्झ मिळतात. ते ४०१३ च्या दोन्ही फ्लिपफ्लॉपमधून भागून गेट तयार केलं: एक सेकंद उघडं, एक सेकंद बंद. मोजणीला दोन ४५१८, लॅच आणि डिकोडर म्हणून चार ४५११. सप्लाय ५ व्होल्ट.

४५११ ची एलई पिन वर गेली की आकडा धरून ठेवते आणि खाली आली की आरपार दाखवते. म्हणून एलई गेटसोबतच चालवली. मध्ये एक बीसी५४७ आहे, कलेक्टरला १० के. काउंटर शून्य करायला गेटच्या चढत्या कडेवर ०.०१ मायक्रोफॅरड आणि १० के लावून छोटा पल्स काढला.

गेट बंद असताना आकडा अगदी बरोबर येतो. ४०६० च्या पिन ५ वरचे १०२४ हर्ट्झ दिले की १०२४ दिसतात. पण गेट उघडलं की आकडा तसाच राहायला हवा, तर कधी ०००० होतो, कधी १०२०, कधी १००४. सगळे आयसी बदलून झाले. काय चुकतंय?

ब्रेडबोर्ड_बाळू

ताई, हा सप्लायचा गोंधळ आहे. सीमॉस आयसीच्या प्रत्येक सप्लाय पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावा, ग्राउंडची वायर जाड घ्या. माझ्याकडे असेच आकडे उड्या मारायचे, कपॅसिटर लावल्यावर थांबले.

जनरेटरवाला_सातारा

मलाही असाच मीटर हवाय. आमचा मांडवाचा जनरेटर आहे, लोड बदलला की ४९ ते ५१ च्या मध्ये हलतो. मॅडम, तुमचं सर्किट यावर चालेल का? मला ४९.६ असं दिसायला पाहिजे.

जुना_रेडिओ

बाळू, कपॅसिटर लावायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण मीराताईंचा आकडा कधीही बिघडत नाही, नेमका गेट उघडताना बिघडतो. सप्लायमधल्या कचऱ्याने मोजणीच चुकली असती, बंद गेटला १०२४ आलेच नसते.

मीराताई, त्या एका कडेवर तुम्ही दोन कामं एकदम सांगताय: लॅचला ‘धर’ आणि काउंटरला ‘पूस’. यातलं कोणतं आधी होईल ते तुमच्या हातात राहत नाही. रीसेट पल्स कपॅसिटरमधून लगेच पोचतो आणि ५ व्होल्टला ४५१८ काही शे नॅनोसेकंदांत शून्य होतो. एलईच्या वाटेत मात्र बीसी५४७ आहे. तो सॅच्युरेशनमधून बंद व्हायलाच वेळ घेतो, वर १० के मधून चार एलई पिना आणि ब्रेडबोर्डची कपॅसिटन्स भरायची. एकूण मायक्रोसेकंदाच्या घरात उशीर होतो. तोवर काउंटर पुसला गेलेला असतो आणि लॅच ते शून्य इमानदारीने धरतो. चारही ४५११ चे थ्रेशोल्ड थोडे वेगळे असतात, म्हणून एखादा वेळेत धरतो आणि एखादा नाही. १००४ येतो तो त्यामुळे.

खात्री करायला कलेक्टरचा १० के काढून १ के लावा, बाकी काहीही हलवू नका. शून्य येण्याचं प्रमाण बदललं तर रोग हाच.

मीरा_ईअँडटीसी

लावला. शून्य बरीच कमी झाली, पण अधूनमधून येतातच. मग रीसेटच्या वाटेत आरसी टाकून त्याला थोडा उशीर करू का?

जुना_रेडिओ

चार आकड्यांपुरतं चालेलही. पण तोपर्यंत गेट उघडलेलं असतं. तुमचा रीसेट पल्स आत्ताच १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास आहे, आणि तेवढा वेळ काउंटर दाबून धरलेला असतो. १ किलोहर्ट्झला फरक जाणवत नाही, ९ किलोहर्ट्झला जवळपास एक मोजणी जाते. उद्या आकडे वाढवून १ मेगाहर्ट्झ मोजायला गेलात तर शंभरेक मोजण्या गायब होतील.

खरा उपाय म्हणजे गेट बंद असतानाच सगळं क्रमाने उरकायचं: मोजणी थांबली, लॅच उघडून मिटला, मग रीसेट, मग पुन्हा गेट. हा क्रम ४०१७ वर सोपा बसतो. ४०१३ चा एकच भाग वापरून १ हर्ट्झ काढा आणि तो ४०१७ च्या क्लॉकला द्या. क्यू४ त्याच्याच रीसेटला जोडा. वेगळे गेट्स एका ४०११ मध्येच मावतात:

```
COUNT = NAND(SIG, Q1)
LE    = NAND(Q2, CLK)
RESET = NOT(NAND(Q3, CLK))
```

यातला `CLK` गाळू नका. ४०१७ मध्ये क्यू२ खाली जाणं आणि क्यू३ वर येणं एकाच क्षणी होतं. नुसता क्यू२ लॅचला आणि नुसता क्यू३ रीसेटला दिलात तर तीच शर्यत पुन्हा सुरू. ४०१७ चढत्या कडेवर पुढे सरकतो, त्यामुळे पायरीच्या पहिल्या अर्ध्या सेकंदातच क्लॉक वर असतो. लॅच मिटल्यावर रीसेट यायला पूर्ण अर्धा सेकंद मिळतो.

जनरेटरवाले भाऊ, एक सेकंदाच्या गेटला ४९ किंवा ५० एवढंच दिसेल, दशांश नाही. ४९.६ हवं तर गेट दहा सेकंदांचं करा, नाहीतर एका लाटेला किती वेळ लागतो ते मोजून उलटं करा. लोड बदलताना बघायचं असेल तर लाटेचा वेळ मोजायचाच मार्ग. आणि मेन्स थेट सर्किटला लावू नका, मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर हवाच.

मीरा_ईअँडटीसी

४०१७ बसवला, बीसी५४७ काढून टाकला. १०२४ आता दगडासारखा स्थिर आहे. पण ५५५ चा ऑसिलेटर लावला की शेवटचा आकडा सतत हलतो. क्रिस्टल स्वस्तातला आहे म्हणून का?

ब्रेडबोर्ड_बाळू

हो, क्रिस्टलच. चांगला घ्या.

जुना_रेडिओ

क्रिस्टल २० पीपीएमचा असेल तरी १० किलोहर्ट्झला फरक ०.२ हर्ट्झ, तुमच्या शेवटच्या आकड्यापेक्षा कमी. एक आकडा इकडेतिकडे होणारच, कारण गेट उघडतं तेव्हा बाहेरची लाट कुठल्याही टप्प्यावर असू शकते. सिग्नल वर असताना गेट मिटलं तर नॅन्डच्या आउटपुटवर एक जादा चढती कड तयार होते आणि तीही मोजली जाते. १०२४ हलत नाही, कारण तो त्याच ४०६० मधून येतो आणि गेटशी पाऊल जुळवून चालतो.

त्याच कारणाने १०२४ दिसले म्हणून क्रिस्टल बरोबर आहे असं धरू नका. क्रिस्टल चुकीचा असता तरी १०२४च दिसले असते. त्यासाठी बाहेरचा ओळखीचा स्रोत लावून बघा.

५५५ एकापेक्षा जास्त आकड्यांनी हलत असेल तर तो खरंच सरकतोय. टायमिंग कपॅसिटरला बोट लावा, आकडा चालायला लागेल.

मीरा_ईअँडटीसी

लावलं. आकडा खाली खाली गेला, बोट काढल्यावर सावकाश परत आला. आता एकच तक्रार: डिस्प्ले चार सेकंदांनी बदलतो. सर म्हणतात फार संथ आहे.

जुना_रेडिओ

४०१७ ला थेट २ हर्ट्झ द्या. क्यू० आणि क्यू१ मिळून एक सेकंदाचं गेट, क्यू२ ला लॅच, क्यू३ ला रीसेट. दोन सेकंदांत फेरी पूर्ण. दोन्ही डायोडने एकत्र करता येतील, पण क्यू० जाऊन क्यू१ येताना मध्ये बारीक खाच पडून जादा मोजणी होईल का, याची मला खात्री नाही.

पुणे_लॅब

डायोड नकोत. ४०१३ आता पूर्ण मोकळा झालाय ना? त्याच्या एका भागाला क्यू० ने सेट करा, क्यू२ ने रीसेट करा, त्याचा क्यू म्हणजे गेट. मध्ये खाच पडायला जागाच नाही.

मीरा_ईअँडटीसी

पण सेटचा आणि रीसेटचा उशीर सारखा नसेल तर गेट बरोबर एक सेकंदाचं राहील का?

पुणे_लॅब

फरक १०० नॅनोसेकंदांचा धरला तरी एका सेकंदात तो ०.१ पीपीएम होतो. क्रिस्टलची चूक त्याच्या कितीतरी पट. मी हे नेमकं सर्किट जोडलेलं नाही, त्यामुळे जोडल्यावर स्कोपवर गेट आणि एलई शेजारी लावून बघा. एलई खाली जाण्याआधी गेट खरंच मिटतं की दोन्ही एकदम होतं, ते इथे लिहा.

जुना_रेडिओ

दोन्ही एकदम झाले तरी चालेल. एलई पाव सेकंद उघडी राहते, मोजणी त्याच्या कितीतरी आधी थांबलेली असते. मिटण्याची कड बघा, उघडण्याची नाही.